भिंतीतल्या टाकीची तडकलेली फ्लश प्लेट बदलणे: मापे, पुश रॉड आणि कामाचा क्रम

भिंतीत लपवलेल्या टाकीची फ्लश प्लेट तडकली की बहुतेक जण प्लेटचा मोबाइलवर समोरून फोटो काढतात, तसाच चेहरा असलेली नवी प्लेट विकत आणतात आणि नंतर जुनी काढायला घेतात. नेमका हाच क्रम चुकीचा आहे, कारण प्लेट बसते ती तिच्या चेहऱ्यामुळे नव्हे, तर मागच्या टाकीच्या सांगाड्यामुळे, आणि तो सांगाडा जुनी प्लेट उतरवल्याशिवाय दिसत नाही. दुसरी नेहमीची चूक शेवटच्या टप्प्यात होते. नवी प्लेट छान बसते, बटणेही दाबली जातात, पण कमोडमध्ये पाण्याची बारीक धार चालूच राहते आणि दोष वॉशरवर ढकलला जातो. प्रत्यक्षात बटणामागचे पुश रॉड काही मिलिमीटर लांब राहिलेले असतात. या लेखात या दोन चुकांना सर्वाधिक जागा दिली आहे.

येथे वर्णन केलेली पद्धत दोन बटणांच्या यांत्रिक प्लेटसाठी आहे. बटणामागे बारीक हवेच्या नळ्या असलेल्या किंवा सेन्सरवर चालणाऱ्या प्लेटचे वेगळेपण जिथे आडवे येते तिथे सांगितले आहे.

पूर्वतयारी

लागणारी हत्यारे थोडीच आहेत: एक साधा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, बारीक ॲलन कीचा संच, मिलिमीटरची पट्टी किंवा टेप, टॉर्च, कोरडे कापड आणि मऊ प्लास्टिकची पातळ पट्टी. कमोडचे झाकण बंद करून त्यावर जाड टॉवेल पसरावा. प्लेट किंवा स्क्रू हातातून निसटला तर तो चिनी मातीवर आपटणार नाही आणि बारीक भाग आत पडणार नाहीत, एवढाच त्याचा उद्देश आहे.

प्लेटच्या कडेने सिलिकॉन किंवा पांढरे सिमेंट भरलेले असेल तर ते आधी ब्लेडने सावकाश कापून घ्यावे. ते न कापता ओढल्यास प्लेटबरोबर टाइलची चकाकीही उखडते.

१. तडा कुठे आहे ते आधी पाहावे

प्लेट का तडकली हे न शोधता ती बदलली तर नवी प्लेटही त्याच जागी तडकण्याची शक्यता राहते. तडा कोपऱ्यातून सुरू होऊन आत सरकत असेल तर बहुधा प्लेट जिच्यावर बसते ती मागची माउंटिंग फ्रेम वाकडी कसलेली असते किंवा टाइल समतल नसते, आणि प्लेट एका बाजूला ताणलेली राहते. तडा बटणाच्या कडेपासून निघत असेल तर बटण जोरात दाबले जात असावे. जोरात दाबण्याचे कारण अनेकदा असे असते की रॉड आखूड असतो आणि बटण पूर्ण आत गेल्याशिवाय पाणी सुटत नाही. चेहऱ्याच्या मध्यभागी जाळीसारख्या बारीक रेषा उमटल्या असतील तर तीव्र रसायनाने प्लास्टिक कमजोर झाले असण्याचा संशय घ्यावा. तो प्रश्न फिटिंगचा नाही, साफसफाईच्या सवयीचा आहे.

तडकलेल्या प्लेटला झटपट चिकटणारा गोंद लावणे हा दोन-चार दिवसांचाच उपाय आहे, आणि गोंदाचा एक थेंब जरी बटणाच्या फटीत गेला तरी बटण तिथेच अडकून राहते. क्लिप तुटलेली असेल तर गोंदाचा उपयोग नाही, कारण दाबण्याचा जोर नेमका त्या क्लिपवर येतो.

२. पाणी बंद करावे

केवळ प्लेट बदलायची असेल तर पाणी बंद न करताही काम होते, पण मला ते पसंत नाही. प्लेट उतरवताना रॉड चुकून दाबला जातो, टाकी रिकामी होते आणि टाकी भरणारा फिल व्हॉल्व्ह उघडा पडलेला असतानाच पाणी भरू लागते. बाथरूमचा मुख्य कॉक असेल तर तो बंद करावा, नाहीतर टाकीच्या आतला छोटा कॉक, तो उघड्यावर आल्यावर, बंद करता येतो. पाणी बंद केल्यावर मोठे बटण एकदा दाबून टाकी रिकामी करावी.

*तपासणी:* टाकी रिकामी केल्यावर दोन मिनिटे कान लावून ऐकावे. भरण्याचा आवाज येत राहिला तर कॉक पूर्ण बंद झालेला नाही.

सेन्सरवर चालणारी प्लेट असेल तर आधी तिचा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून तोडावा आणि बॅटरीवर चालणारी असल्यास बॅटरी काढून ठेवावी.

३. जुनी प्लेट उतरवणे

प्लेट धरून ठेवण्याच्या तीन पद्धती नेहमी आढळतात. पहिल्या पद्धतीत प्लेट वरच्या बाजूला सरकवल्यावर खालची कड मोकळी होते आणि मग ती पुढे झुकवून काढता येते. दुसरीत ती केवळ क्लिपवर बसलेली असते आणि कडेला सारखा जोर देऊन सरळ पुढे ओढावी लागते. तिसरीत खालच्या किंवा बाजूच्या कडेला बारीक स्क्रू असतो, जो ॲलन कीने सैल करावा लागतो, आणि तो सहसा खालून वर पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ओढण्याआधी टॉर्च घेऊन चारही कडा बघाव्यात.

प्रथम दोन्ही तळवे प्लेटवर ठेवून ती वर ढकलून पाहावी. काही मिलिमीटर हलली तर ती पहिल्या प्रकारची आहे. अजिबात हलली नाही आणि स्क्रूही दिसला नाही, तर खालच्या कडेत प्लास्टिकची पट्टी सरकवून दोन्ही टोकांना थोडा थोडा जोर द्यावा. एकाच कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसून ती उचकटू नये, कारण अशा वेळी प्लेट तुटतेच आणि टाइलची कडही फुटते. प्लेट तडकलेली असली तरी ती शक्यतो अखंड उतरवावी, कारण पुढची सगळी मापे तिच्याच पाठीवरून घ्यायची आहेत.

हवेच्या नळ्यांवर चालणाऱ्या प्लेटला मागे दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. त्यांना झटका बसू देऊ नये. नळी सुटली तर कोणती नळी कोणत्या बटणाची होती ते लगेच चिकटपट्टी लावून नोंदवावे.

*तपासणी:* प्लेट उतरल्याबरोबर, काहीही हलवण्याआधी, भिंतीतल्या उघड्या चौकटीचा सरळ समोरून एक आणि बाजूने एक फोटो काढावा. रॉड किती बाहेर आले आहेत हे पुढे याच फोटोवरून जुळवायचे आहे.

४. यंत्रणेपर्यंत पोहोचणे

प्लेट निघाल्यावर समोर एक प्लास्टिकची माउंटिंग फ्रेम दिसते आणि तिच्यातून दोन पुश रॉड बाहेर आलेले असतात. ही फ्रेम दोन लांब स्क्रूंनी मागच्या भागाला बांधलेली असते. तिच्या मागे पाण्याचे शिंतोडे आणि धूळ अडवणारे आच्छादन असते आणि त्याच्याही मागे खरी यंत्रणा, म्हणजे टाकी भरणारा फिल व्हॉल्व्ह आणि पाणी सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह. फक्त तडकलेली प्लेट बदलायची असेल तर या आतल्या थरांना हात लावण्याची गरज नाही. कमोडमध्ये धार लागली असेल किंवा टाकी उशिरा भरत असेल तरच पुढे जावे.

पुढे जायचे झाल्यास क्रम असा असतो: आधी दोन्ही रॉड काढावेत (बहुतेक पद्धतींत ते थोडे फिरवून सुटतात), मग फ्रेमचे दोन स्क्रू, मग फ्रेम आणि शेवटी आच्छादनाच्या क्लिपा दाबून आच्छादन. काढलेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने टॉवेलवर डावीकडून उजवीकडे मांडावा, म्हणजे परत बसवताना उजवीकडून डावीकडे उचलत जाता येते. डावा रॉड आणि उजवा रॉड कुठला ते चिकटपट्टीने नोंदवावे, कारण दोन्ही दिसायला सारखेच असले तरी त्यांची लांबी वेगळी लावलेली असू शकते.

आच्छादन निघाल्यावर उघडणारी जागा जेमतेम हात जाईल एवढीच असते, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला पडलेला स्क्रू परत मिळणे अवघड जाते. म्हणून स्क्रू सैल करताना त्याच्या खाली दुसरा हात किंवा कापड धरावे.

५. टाकी ओळखणे आणि प्लेटची निवड

आता प्लेट उलटी करावी. तिच्या पाठीवर बहुतेक वेळा उत्पादकाचे नाव आणि एक वस्तू क्रमांक साच्यातून उठवलेला असतो. टाकीच्या उघड्या भागातही, फ्रेमवर किंवा फिल व्हॉल्व्हच्या अंगावर, नाव किंवा चिन्ह असते. फोटो काढून हे दोन्ही क्रमांक जपून ठेवावेत. नवी प्लेट मागवताना विक्रेत्याला प्लेटचा नव्हे तर टाकीचा प्रकार सांगावा, कारण टाकी भिंतीत कायमची बसलेली असते आणि प्लेट तिच्यासाठी बनवलेली असते.

बाहेरची लांबी-रुंदी मापून निवड केल्यास कशी फसगत होते याचे सोपे उदाहरण गेबेरिट या उत्पादकाच्या मालिकांमध्ये मिळते. सिग्मा मालिकेच्या प्लेटचे माप २४६ × १६४ मिमी असते आणि डेल्टा मालिकेच्या प्लेटचे मापही तेच असते, पण सिग्मा प्लेट डेल्टा टाकीसाठी नसते आणि डेल्टा प्लेट सिग्मा टाकीसाठी नसते. ओमेगा मालिकेची प्लेट २१२ × १४२ मिमी, म्हणजे लहान आहे. ती किमान डोळ्यांना वेगळी दिसते, पण पहिल्या दोघींना मापावरून वेगळे ओळखणे शक्य नसते. दुसऱ्या उत्पादकांची मापे आणखी वेगळी असतात. म्हणूनच माप हा निवडीचा आधार नव्हे, तर केवळ पडताळणीचा भाग आहे. नवी प्लेट जुन्या प्लेटपेक्षा लहान असेल तर टाइलची कापलेली कड उघडी पडते, म्हणून बाहेरचे माप शेवटी नक्की बघावे, पण आधी मालिका जुळली पाहिजे.

६. बटणांचे आकार आणि त्यांच्यामागचे रॉड

मोठे बटण पूर्ण फ्लश आणि लहान बटण अर्धा फ्लश हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यावरून असे समजले जाते की बटण जितके मोठे तितके पाणी जास्त. बटणाच्या आकाराचा पाण्याच्या प्रमाणाशी काहीही संबंध नाही. किती पाणी सुटावे हे फ्लश व्हॉल्व्हमधल्या सेटिंगवर ठरते (पूर्ण फ्लशसाठी ६ लिटर आणि अर्ध्यासाठी ३ लिटर ही नेहमीची जोडी आहे). बटणाचे काम फक्त समोरच्या रॉडला आत ढकलणे एवढेच आहे. काही प्लेटवर दोन्ही बटणे सारख्याच आकाराची असतात आणि एकावर खूण किंवा ठिपका असतो, तर काहींवर गोल बटणे असतात. आकार कोणताही असो, खरा प्रश्न असतो तो बटणाच्या पाठीवरचा दाबबिंदू रॉडच्या टोकासमोर येतो का हा.

हे कसे तपासावे? नवी प्लेट बसवण्याआधी जुनी आणि नवी प्लेट शेजारी उलटी ठेवावी. दोन्ही दाबबिंदूंमधले अंतर आणि प्लेटच्या कडेपासून त्यांचे अंतर मोजावे. काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आढळला तर ती प्लेट त्या टाकीची नाही, असे समजून परत करावी. पॅकिंग फाडण्याआधी ही तपासणी करता आली तर उत्तमच.

पुढचा मुद्दा या कामात सर्वाधिक चुकतो, म्हणून तो एका प्रत्यक्ष उदाहरणाने सांगतो. एका नातेवाइकांच्या घरी प्लेटचा खालचा डावा कोपरा तडकला होता. त्यांनी त्याच मालिकेतली, पण अधिक सपाट दिसणारी नवी प्लेट बरोबर निवडून आणली आणि बसवलीही. दुसऱ्या दिवसापासून कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची दोऱ्याएवढी धार चालू राहिली. त्यांनी वॉशर बदलायचे ठरवले होते, पण प्लेट काढल्यावर धार आपोआप थांबली. टाकीतला फ्लश व्हॉल्व्ह सुस्थितीत असल्याचे यावरून तिथेच सिद्ध झाले.

मग दोन्ही प्लेटची जाडी मोजली. जुन्या प्लेटमध्ये बटणाची पाठ टाइलपासून १२ मिमी दूर होती, नव्या सपाट प्लेटमध्ये ती ८ मिमी दूर होती. म्हणजे बटणाची पाठ भिंतीकडे ४ मिमी सरकली होती, आणि जुन्या प्लेटसाठी लावलेले रॉड आता ४ मिमीने लांब ठरत होते. बटण न दाबताही ते रॉडला टेकून व्हॉल्व्ह किंचित उचलून धरत होते. मोठ्या बटणाचा रॉड जास्त अडत असल्याने धार लागली. लहान बटणाचा रॉडही घासत होता, पण त्याचा परिणाम अजून दिसत नव्हता. दोन्ही रॉड पुन्हा फिरवून आखूड केल्यावर धार बंद झाली.

म्हणून रॉड लावण्याचा क्रम असा ठेवावा:

१. आधी जुन्या फोटोवरून रॉड त्याच लांबीवर ठेवावेत आणि नव्या-जुन्या प्लेटच्या जाडीतला फरक काढावा.

२. नवी प्लेट जितक्या मिलिमीटरने सपाट असेल तितके रॉड आखूड करावेत, जाड असेल तर तितकेच लांब करावेत. रॉड पेचाचा असेल तर फिरवून, सरकणारा असेल तर सरकवून. कापायची वेळ आलीच तर एका वेळी १ ते २ मिमीच कापावे, कारण कापलेला रॉड परत लांब करता येत नाही.

३. प्लेट बसवल्यावर बटण बोटाने हलके दाबून पाहावे. सुरुवातीला १ ते २ मिमी मोकळी चाल जाणवली पाहिजे आणि त्यानंतर प्रतिकार सुरू झाला पाहिजे. उत्पादकाने वेगळी मोकळी चाल सांगितली असेल तर तीच पाळावी.

मोकळी चाल शून्य असेल तर धार लागते. ती फार जास्त असेल तर बटण पूर्ण आत गेल्यावरही पाणी अपुरे सुटते आणि माणूस जोर वाढवतो, ज्याचा शेवट पहिल्या टप्प्यात सांगितलेल्या बटणाच्या कडेच्या तड्यात होतो.

७. फ्रेम आणि प्लेट बसवणे

फ्रेमचे दोन्ही स्क्रू बोटाने फिरवून फ्रेम समोरच्या टाइलला टेकेपर्यंत आणावेत आणि मग स्क्रू ड्रायव्हरने आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत. एक स्क्रू आधी पूर्ण आवळला तर फ्रेम तिरकी बसते. फ्रेम आवळली गेल्यावर तिच्या चारही कोपऱ्यांत कागद सरकवून बघावा. एका कोपऱ्यात कागद सहज सरकत असेल आणि बाकी तिन्हीकडे अडकत असेल तर टाइल तिथे खोल आहे. अशा वेळी स्क्रू आणखी आवळून फ्रेम वाकवू नये. त्या कोपऱ्यात पातळ प्लास्टिकची चकती ठेवून अंतर भरावे. वाकलेल्या फ्रेमवर बसवलेली प्लेट बहुधा काही महिन्यांत कोपऱ्यातच तडकते.

प्लेट लावताना वरची कड आधी अडकवून खालची कड आत ढकलावी, किंवा उत्पादकाने सांगितलेल्या दिशेने सरकवावी. क्लिक असा स्पष्ट आवाज सर्व बाजूंनी ऐकू आला पाहिजे. हातोडी किंवा मुठीचा ठोसा मारू नये.

प्लेटच्या कडेला सिलिकॉन भरण्याचा मोह टाळावा. सुबक दिसते हे खरे, पण पुढच्या वेळी यंत्रणा उघडायची तेव्हा हेच सिलिकॉन प्लेट आणि टाइल फोडते. याच कारणाने प्लेटची जागा टाइलने बुजवणे हा तर सरळ चुकीचा प्रकार आहे, कारण टाकीपर्यंत जाण्याचा तोच एकमेव मार्ग असतो.

८. शेवटच्या तपासण्या

पाणी चालू करून टाकी पूर्ण भरू द्यावी. मग पहिली तपासणी बटणांची: लहान बटण दाबल्यावर कमी आणि मोठे दाबल्यावर जास्त पाणी सुटते का, हे पाहावे. उलटे होत असेल तर बटणे चुकीच्या बाजूला आली आहेत किंवा प्लेट वेगळ्या मालिकेची आहे. हवेच्या नळ्यांच्या प्लेटमध्ये हाच दोष नळ्या अदलाबदल झाल्याने होतो आणि नळ्या बदलल्या की संपतो.

दुसरी तपासणी गळतीची. टाकी भरल्यावर कमोडच्या मागच्या आतल्या भिंतीवर कोरडा टिश्यू पेपर टेकवून दहा मिनिटे ठेवावा. तो ओला झाला तर आधी प्लेट काढून पाहावी. प्लेट काढल्यावर पाणी थांबले तर रॉड अजून लांब आहेत, थांबले नाही तर फ्लश व्हॉल्व्हचे सील घाणीने किंवा चुन्याच्या थराने नीट बसत नाही. शंका राहिल्यास टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे फ्लश न करता ठेवावे. कमोडमध्ये रंग दिसला तर गळती नक्की आहे.

तिसरी तपासणी एका आठवड्याने करावी. फ्रेमचे स्क्रू पहिल्या काही दिवसांत बसतात आणि कधी थोडे सैल होतात. प्लेट एकदा काढून स्क्रू हलके तपासावेत आणि मोकळी चाल पुन्हा बोटाने अनुभवावी. नव्या प्लेटचा वस्तू क्रमांक कागदावर लिहून तो प्लेटच्या मागे, आच्छादनाच्या कोरड्या बाजूला चिकटवून ठेवावा. पुढच्या वेळी प्लेट उघडणाऱ्याला टाकीची मालिका शोधत बसावे लागणार नाही.